उंच टाकी, तिसरा टप्पा: प्रकल्प नोंदी

११ जुलै २०२४, गुरुवार

१३ जूनला भरलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या कॉलमचे २८ दिवसांचे क्यूब, म्हणजे भरणीच्या वेळीच त्याच मालाचे घेतलेले ठोकळे, आज लॅबमध्ये फोडले. आकडे आले २५.०, २४.१ आणि २३.२. सरासरी २४.१. काँक्रीट एम-३० चं आहे, म्हणजे ताकद ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, एखाद्या नमुन्याला थोडी सूट देतं, पण ती २७ पर्यंतच. त्याच्या खाली गेलं की ते काम संशयितच धरायचं.

टाकी १ लाख लिटरची, जमिनीपासून १५ मीटर उंच. सहा कॉलम, आणि दर पावणेचार मीटरला त्यांना गोल बांधून घेणारी ब्रेसिंग. पाया, पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा उन्हाळ्यात झाला. तिसऱ्या टप्प्याचे कॉलम १३ जूनला भरले, त्यावरची ब्रेसिंग २४ जूनला. आता चौथ्या टप्प्याची सळई बांधून झाली आहे आणि सेंट्रिंगच्या प्लेटाही लागल्या आहेत. म्हणजे ज्या कॉलमचा आकडा कमी आला, त्यांच्या डोक्यावर जवळपास महिन्याभराचं काम उभं आहे.

७ दिवसांचा आकडाही कमीच आला होता, १६.८. सिमेंट पीपीसी असल्यामुळे सुरुवातीला ताकद सावकाश चढते, २८ दिवसांत भरून निघेल, असा कार्यालयाचा निरोप आला आणि काम पुढे गेलं. पीपीसी सावकाश चढतं हे खरं आहे, पण आधीच्या दोन्ही टप्प्यांत याच सिमेंटचे ७ दिवसांचे आकडे २४ च्या पुढे होते. तुलना त्यांच्याशी व्हायला हवी होती.

चौथ्या टप्प्याचं काँक्रीट थांबवलं. टोळ्यांना एवढंच सांगितलं की तपासणी चालू आहे, निकाल आला की सगळ्यांना एकत्र बसवून सांगू.

१५ जुलै, सोमवार

कॉलममध्ये ड्रिल करून काँक्रीटचे गोल नमुने, म्हणजे कोअर काढले. आधी कव्हरमीटरनं सळया कुठून जातात ते शोधून खडूनं आखून घेतलं, कारण कोअरमध्ये सळई आली तर तो नमुना वाया जातो. तीन कॉलममधून एकेक कोअर. ड्रिलचा आवाज थांबला की साइट एकदम शांत होत होती. सेंट्रिंगवाले काम नसतानाही खाली उभं राहून बघत होते.

सगळ्या टप्प्यांवर रिबाउंड हॅमरही मारून घेतला. हॅमरवरून ताकद सिद्ध होत नाही, पण फरक दिसतो. दुसऱ्या टप्प्यावर तो खणखणीत उडतो, तिसऱ्यावर आकडा सगळीकडे पडलेला आहे. एका कॉलमचा दोष नाही, अख्ख्या दिवसाचा आहे.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

साइट बंद. काही जण गावी गेले आहेत. मुक्कामाच्या शेडवर कोण काय बोलतं ते मेसवाल्या काकींकडून कळलं. मिक्सरवरच्या मामांना काढणार, हा एक समज. पाडकामाचा खर्च टोळ्यांच्या बिलातून कापणार, हा दुसरा. शेठ काम सोडून चालले आहेत, हा तिसरा. तिन्हींत तथ्य नाही. पण निकाल यायच्या आत आपण काही बोललो नाही तर लोक आपापला निकाल लावतात. सेंट्रिंगचे दोन चांगले कारागीर दुसऱ्या साइटवर विचारून आले, असंही कळलं.

१९ जुलै, शुक्रवार

कोअरचा अहवाल आला. क्यूबच्या हिशेबात बदलून आकडे २४.६, २३.० आणि २१.४. सरासरी २३. नियमानं तिन्हींची सरासरी ३० च्या ८५ टक्के, म्हणजे २५.५ पाहिजे आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे २२.५ च्या खाली नको. आपण दोन्हीकडे नापास.

डिझाइनच्या सल्लागारांशी दुपारी बैठक झाली. कॉलमला बाहेरून जाडी देऊन, म्हणजे जॅकेटिंग करून वाचवता येईल का, यावर बराच वेळ गेला. जॅकेटिंगची सळई खालच्या पक्क्या टप्प्यात आणि वरच्या ब्रेसिंगमध्ये नीट गुंतवावी लागते. सहा कॉलम गुणिले दोन सांधे, म्हणजे बारा ठिकाणी ड्रिलिंग आणि प्रत्येक ठिकाणी नवी शंका. वर १०० टन पाणी बसणार आणि भूकंपाचा जोर याच कॉलमांवर येणार. सल्लागारांनी पाडायला सांगितलं आणि माझंही तेच मत होतं. तिसरी ब्रेसिंग उत्तम आली आहे, तिचे क्यूब २८ दिवस व्हायच्या आधीच ३७ चे आहेत, तरी तीही जाणार.

कारण १३ जूनच्या नोंदवहीत दिसतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि वाळूचा ढीग उघडा होता. आपल्या मिक्समध्ये एका गोणीला २२ लिटर पाणी, ९० किलो क्रश सँड आणि १५५ किलो खडी. पाणी भागिले सिमेंट, २२ भागिले ५०, म्हणजे ०.४४. पाण्याच्या टाकीच्या काँक्रीटला ०.४५ ही वरची हद्द आहे. ओल्या वाळूत ५ टक्के मोकळं पाणी धरलं तर ९० किलोमागे साडेचार लिटर होतं, आणि ओल्या खडीचं दीड लिटर. वरून नेहमीचे २२ लिटर पडलेच. एकूण २८ लिटर, गुणोत्तर ०.५६. क्यूब आणि कोअर जे सांगतात ते याला धरूनच आहे.

त्या दिवशीच्या वहीत एक ओळ आहे: "माल चांगला पळतोय, व्हायब्रेटर कमी लागला." माल पळत होता तो पाण्यानं. माल किती पातळ आहे ते दाखवणारा स्लम्पचा शंकू त्या दिवशी एकदाच, सकाळी भरला होता आणि आकडा १५० मिलिमीटर लिहिला आहे. आपल्याला ७५ ते १०० हवा.

उद्या सगळ्यांशी बोलायचं आहे. त्याआधी संध्याकाळी शेठांकडे गेलो आणि तीन गोष्टींची उत्तरं घेतल्याशिवाय उठलो नाही, कारण ती हातात नसताना लोकांसमोर उभं राहण्यात अर्थ नव्हता.

पहिली गोष्ट पैशाची. सेंट्रिंगची टोळी उक्त्यावर आहे, चौरस मीटरच्या दरानं. चौथ्या टप्प्याच्या प्लेटा त्यांनी लावल्या, पण काँक्रीट झालं नाही म्हणून मोजमाप झालं नाही. आता त्या काढायच्या. म्हणजे लावल्याचेही पैसे नाहीत आणि काढल्याचेही नाहीत. शेठांनी मान्य केलं: लावलेल्या प्लेटांचं पूर्ण मोजमाप होईल, आणि काढण्याचं व पाडकामाचं काम रोजच्या हजेरीवर. बारबेंडरांना चौथ्या टप्प्यात बांधलेल्या सळईचे टनाच्या दरानं पूर्ण पैसे.

दुसरी, माणसं. कुणालाही काढायचं नाही. आणि तिसरी, तारीख. दिवाळीला टाकी भरायची असं गावाला सांगितलं होतं, ते आता होणार नाही. सल्लागारांबरोबर बसून नवा क्रम मांडला तेव्हा फेब्रुवारीचा मध्य आला.

शेठ म्हणाले, "भाषणात जरा जोश भर, पोरं खचलीत." मी म्हटलं, पैशाचं आणि तारखेचं मी बोलतो, मोजमापाच्या कागदावर तुम्ही सही करा. त्यांनी केली.

२० जुलै, शनिवार

शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस, म्हणजे उचलीचा दिवस. उचल एरवी संध्याकाळी मिळते. आज सकाळी साडेसातलाच वाटली, म्हणजे पैसे अडकवून ठेवलेत असं ऐकताना कुणाच्या मनात राहू नये. मग सगळे मिक्सरजवळ जमले: सेंट्रिंगवाले, बारबेंडर, गवंडी, मजूर बायका, पाइपलाइनची टोळी, पंपहाउसचे दोघे. बारबेंडरांची टोळी बिहारची आहे, त्यांचा मुकादम मधे मधे त्यांना हिंदीत सांगत होता. त्यासाठी दर दोन वाक्यांनी थांबलो, आणि त्याचा फायदाच झाला.

जे बोललो ते आठवेल तसं लगेच उतरवून ठेवतो.

"मंडळी, रामराम. उचल सगळ्यांना मिळाली का? कुणाची राहिली असेल तर आत्ता सांगा, मग पुढचं बोलू.

"काल कोअरचा निकाल आला. तिसऱ्या टप्प्याच्या कॉलमांची ताकद ३० पाहिजे होती, ती २३ आहे. नियमात बसत नाही आणि ओढूनताणून बसवायचीही नाही. या टाकीत १ लाख लिटर पाणी राहणार आणि तिच्या खाली अंगणवाडीची वाट आहे. तिसरा टप्पा पाडायचा. त्याच्या वरची ब्रेसिंग चांगली आली आहे, तिचा आकडा ३७ आहे, पण ती या कॉलमांवर उभी आहे म्हणून तीही पाडायची. तुमचं चांगलं कामही यात जाणार आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचं मलाही वाईट वाटतं.

"आता काय राहतंय ते ऐका. पाया, आकडा ३८. पहिला टप्पा ३७. दुसरा टप्पा ३९. हे सगळं जसंच्या तसं उभं राहणार. ते याच मिक्सरवर, याच हातांनी केलंय. काम येत नाही म्हणून हे झालेलं नाही.

"मग का झालं? १२ जूनच्या रात्री पाऊस झाला. वाळू भिजली. गोणीमागे सहा लिटर पाणी वाळू आणि खडीनंच आणलं आणि आपण नेहमीचं २२ लिटर वरून घातलं. झालं एवढंच आहे. मामांना काढणार असं शेडवर बोलणं चाललंय असं ऐकलं. मामा इथंच राहणार, आणि मिक्सरवरच राहणार. त्यांना २२ सांगितलं होतं, त्यांनी २२ घातलं. वाळू ओली असेल तर किती कमी करायचं, हे मोजायची पद्धत या साइटवर नव्हती. सोमवारपासून असेल, आणि ती मामाच चालवतील.

"पैशाचं. सेंट्रिंगवाले दादा, चौथ्या टप्प्याच्या तुमच्या प्लेटांचं आज दुपारी मोजमाप होईल, पूर्ण दरानं. बारबेंडर, तुमच्या सळईचंही. काढायचे आणि पाडायचे दिवस हजेरीचे. कुणाच्याही बिलातून पाडकामाचा रुपया कापला जाणार नाही. शेठांची सही असलेला कागद हा माझ्या हातात आहे, त्याची एकेक प्रत मुकादमांना देतो.

"तारीख. दिवाळी होणार नाही. ती डोक्यातून काढून टाका, तिच्या मागे लागून कुणी वर घाई करायची नाही. पण या गावची विहीर होळीनंतर तळाला जाते आणि मग टँकर येतो, हे तुम्ही इथं राहून बघितलंय. शेडवर तुम्हीसुद्धा त्याच टँकरचं पाणी भरलंय. आपल्याला होळीच्या आत टाकी भरायची आहे. होळी १३ मार्चला आहे. हिशेबात फेब्रुवारीचा मध्य येतो, म्हणजे हाताशी चार आठवडे जास्त आहेत. ते पावसासाठी ठेवलेत, दुसऱ्या कशासाठी नाही.

"सोमवारी सकाळी काय ते सांगतो. सेंट्रिंगवाले चौथ्या टप्प्याच्या प्लेटा उतरवतील, एकही प्लेट वरून टाकायची नाही, दोरानंच खाली. गवंडी वाळूवर शेड घालायला घेतील. पाइपलाइनवाले, तुमचं गावातल्या वितरणाचं काम ऑक्टोबरमध्ये होतं, ते आताच चालू करा, म्हणजे टाकीची वाट बघत कुणी बसणार नाही. पाडायला वर एका वेळी चारच माणसं, आणि ब्रेकर चालू असताना टाकीच्या घेऱ्यात खाली कुणीही नाही, मीसुद्धा नाही.

"आणि शेवटचं. यापुढे ७ दिवसांचा आकडा आल्याशिवाय वरचा टप्पा भरायचा नाही. आकडा कमी आला तर मला किंवा शेठांना न विचारता मुकादमांनी काम थांबवायचं. त्यासाठी त्यांना कुणी बोल लावणार नाही.

"विचारा आता."

साताठ मिनिटांत संपलं. बोलताना कुणी फारसं हललं नाही, पण प्लेटांचं मोजमाप आज दुपारीच होणार म्हटल्यावर सेंट्रिंगचे मुकादम पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागले. तोवर ते जमिनीकडे बघत होते.

प्रश्न तीन आले. बारबेंडरच्या मुकादमानं विचारलं, कापलेली सळई पुन्हा वापरणार का? नाही, कॉलमला नवी सळई. कापलेल्या तुकड्यांतून सरळ निघतील ते कंपाउंडच्या कामाला. सेंट्रिंगच्या एका पोरानं विचारलं, पुन्हा पाऊस आला तर? त्याला वाळूच्या शेडचं आणि पाणी कमी करायच्या हिशेबाचं सांगितलं.

तिसरा प्रश्न मजुरांतल्या एका ताईंचा. "काँक्रीटच नाही म्हटल्यावर आम्हाला महिनाभर काम काय?" घमेली उचलणाऱ्या आठ बाया, त्यांचं काम भरणीच्या दिवशीचं. योजनेत त्यांच्यासाठी ओळ नव्हती. दुपारपर्यंत सांगतो म्हटलं. पाइपलाइनच्या मुकादमांशी बोलून चरांमध्ये पाइपाखाली वाळूची गादी घालण्याचं आणि चर बुजवण्याचं काम त्यांना दिलं, आठही जणींना, त्याच हजेरीवर. बाजाराला निघण्याआधी त्यांना निरोप पोचवला.

दुपारी मोजमाप केलं. सेंट्रिंगच्या मुकादमांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

२२ जुलै, सोमवार

हजेरी: दोन बारबेंडर सोडून सगळे. ते दोघे आषाढीपासून गावाकडेच आहेत, बुधवारी येतील असा फोन आहे. दुसऱ्या साइटवर विचारून आलेले सेंट्रिंगचे दोन्ही कारागीर सकाळी आठला वर चढले होते.

मामा मात्र गप्प होते. लोकांसमोर त्यांचं नाव घेतल्यानं त्यांना हलकं वाटलं की अवघडल्यासारखं, कळेना. दुपारच्या सुट्टीत त्यांना मेसवर घेऊन गेलो आणि वाळूतलं पाणी मोजायची रीत दाखवली. ढिगाच्या आतून, वरून नव्हे, एक किलो वाळू घेतली. काकींच्या शेगडीवर लोखंडी तव्यात ती मंद आचेवर परतायची, वाळूचा रंग फिका होऊन ती उलथन्यावरून सुटी घरंगळेपर्यंत. वर काचेचा तुकडा धरला आणि त्यावर बाष्प धरलं नाही की झालं. थंड करून पुन्हा वजन. ९३५ ग्रॅम भरलं. गेलं ६५ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वाळूच्या साधारण ७ टक्के. त्यातलं २ टक्के कणांच्या आत जिरलेलं असतं, ते मिक्सच्या पाण्यात येत नाही. उरलं ५ टक्के. ९० किलोला साडेचार लिटर.

मामांनी खडूनं भिंतीवर लिहिलं: २२ वजा साडेचार, साडेसतरा. मग म्हणाले, "आणि वाळू तेवढी वाढवायची ना साहेब? वजनात पाणी आलंय की तिच्या." बरोबर. ९० च्या जागी साडेचौऱ्याण्णव किलो. हे मी सांगायच्या आधी ते बोलले.

काकींनी तो तवा साइटला दिला, त्यांना स्वयंपाकाला दुसरा आणून दिला.

२७ जुलै, शनिवार

चौथ्या टप्प्याच्या प्लेटा आणि सळई उतरली. तिसऱ्या ब्रेसिंगखाली टेकू लावले, चारी बाजूंनी जाळी बांधली. सोमवारपासून ब्रेकर.

उचलीआधी पाच मिनिटं सगळ्यांसमोर नव्या योजनेचा तक्ता वाचला. हा तक्ता आता मिक्सरच्या शेडमध्ये लावला आहे. त्यात टप्पा, अपेक्षित आठवडा आणि क्यूबचा आकडा, एवढे तीनच रकाने ठेवलेत. जुन्या योजनेचा तक्ता काढून कार्यालयात ठेवला. दोन तारखा एकाच भिंतीवर असल्या की लोक रोज किती मागे आहोत तेच मोजत बसतात.

१० ऑगस्ट, शनिवार

ब्रेसिंग निघाली, सहापैकी चार कॉलम निघाले. ब्रेसिंगच्या तुळया मध्यातून फोडून तुकडे चेनब्लॉकनं खाली घेतले. कॉलम वरून खाली फोडत येतो आणि जुन्या सांध्याच्या सुमारे वीतभर वर ब्रेकर थांबवतो. तिथून खाली छिन्नी-हातोडाच, कारण ब्रेकरचा हादरा खालच्या चांगल्या काँक्रीटला बसायला नको. खालून वर आलेल्या सळया वाचवायच्या आहेत. नव्या सळईशी जोड घ्यायला व्यासाच्या ५० पट लांबी लागते, २० मिलिमीटरच्या सळईला पूर्ण एक मीटर.

वेग ठरल्यापेक्षा कमी आहे. गुरुवारी पावसानं ब्रेकर बंद ठेवावा लागला. हजेरीचे दिवस भराभर भरत नाहीत, अशी टोळीत कुरबुर झाली. पाडकाम माणसाला दमवतं ते अंगमेहनतीनं कमी आणि आपलंच काम फोडण्यानं जास्त, हे सेंट्रिंगच्या मुकादमांच्या बोलण्यात दोनदा आलं. म्हणून त्यांची निम्मी टोळी आजपासून खाली प्लेटा दुरुस्त करणं, तेल लावणं यावर घेतली. दर दोन दिवसांनी वरची आणि खालची माणसं बदलायची.

फुटलेल्या काँक्रीटचे दोन तुकडे तक्त्याखाली ठेवले आहेत, एक तिसऱ्या कॉलमचा, एक तिसऱ्या ब्रेसिंगचा. ब्रेसिंगच्या तुकड्यात खडी आरपार तुटली आहे. कॉलमच्या तुकड्यात खडी अख्खी सुटून आली आहे आणि तिच्या जागी गुळगुळीत खळगे आहेत, कारण मधली सिमेंटची पकडच कच्ची. अंगठ्यानं घासलं तर भुकटी निघते. येता-जाता प्रत्येक जण घासून बघतो. ०.४४ आणि ०.५६ हे आकडे मी कितीही समजावले असते तरी जे कळलं नसतं ते त्या खळग्यांनी कळलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

तिसऱ्या टप्प्याचे कॉलम पुन्हा भरले. जुना पृष्ठभाग टाचून खडी उघडी केली होती, काल तारेच्या ब्रशनं घासून धुतला, आज भरणीआधी सिमेंटची स्लरी.

सकाळी साडेसहाला मामांचा तवा शेगडीवर होता. शेडखालच्या वाळूत मोकळं पाणी ३ टक्के, म्हणजे २.७ लिटर कमी. खडी ताडपत्रीखाली होती, तिचं अर्धा लिटर कमी. १८.८ लिटरची खूण डब्यावर रंगानं केली. दुपारी सर आली, मामांनी कुणी न सांगता पुन्हा वाळू परतली आणि खूण खाली घेतली. स्लम्प दर तासाला: ९०, ८५, ९५, ९०. दुसऱ्या कॉलमला माल जड वाटतोय म्हणून व्हायब्रेटरवाल्या पोरानं वरून "मामा, थोडं पाणी" अशी हाक मारली. मामा जागचे हलले नाहीत. व्हायब्रेटर जास्त वेळ धर, एवढंच म्हणाले. सेंट्रिंगच्या मुकादमांनी वर जाऊन दुसरा व्हायब्रेटर लावला.

क्यूब दोन संच जास्त भरले.

२९ ऑगस्ट, गुरुवार

७ दिवसांचा आकडा २५.३. लॅबचा फोन आला तेव्हा मी पंपहाउसवर होतो. साइटवर येईपर्यंत मामांनी तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात खडूनं लिहून टाकलं होतं, लॅबच्या पोराचा नंबर त्यांच्याकडेही आहे.

आज भाषण केलं नाही. उद्यापासून तिसऱ्या ब्रेसिंगच्या प्लेटा लावायला हरकत नाही, एवढं मुकादमांना सांगितलं. सोमवारी पोळा, गावातली माणसं येणार नाहीत. गणपती ७ सप्टेंबरला. ब्रेसिंगचं काँक्रीट त्या दोन्हींच्या मधे बसत नाही. मुकादम म्हणाले, गणपतीनंतर घेऊ, अर्ध्या माणसांत नको. मान्य केलं. राखून ठेवलेल्या चार आठवड्यांतले पाच दिवस यात गेले, तक्त्यावर तशी नोंद केली आणि तिच्यापुढं कारण लिहिलं.

वितरणाच्या पाइपलाइनचं काम मात्र योजनेच्या पुढे आहे. वरच्या आळीपर्यंत चर झाले. त्या आठ ताया आता पाइपलाइनच्याच टोळीत राहायचं म्हणत आहेत. पाइपलाइनचे मुकादम खूश आहेत, पण भरणीच्या दिवशी त्या परत लागतील. ब्रेसिंगच्या आधी दोन्ही मुकादमांना बसवून दिवस वाटून घ्यावे लागतील.

१९ सप्टेंबर, गुरुवार

२८ दिवसांचे क्यूब: ३९.२, ३८.८, ३७.८. सरासरी ३८.६.

तिसरी ब्रेसिंग १२ तारखेला भरली, तिचा ७ दिवसांचा आकडा उद्या येईल. तो २४ च्या वर आला तर चौथ्या टप्प्याची सळई शनिवारपासून. खाली आला तर थांबायचं, आणि तो निर्णय मुकादम घेतील.

सल्लागारांना पाठवायचा अहवाल आज पुरा केला. मामांच्या मोजणीची वही त्याला जोडली आहे. रोज दोन नोंदी, तारीख, वेळ, ओलं वजन, कोरडं वजन, डब्याची खूण. सल्लागारांनी ती बघून विचारलं की चौथ्या टप्प्यानंतर टाकीच्या भिंतीचं काँक्रीट आहे, तिथं पाणी झिरपण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा, तेव्हा ही मोजणी तासातासाला करता येईल का. मामांना विचारलं. शेगडी मिक्सरजवळ आणून द्या, म्हणाले. आणि गॅसची टाकी साइटच्या खर्चातली हवी, काकींच्या मेसमधली नको. उद्याच्या खरेदीच्या यादीत घातली आहे.